पार्लरमध्ये ॲडव्हान्स किती घ्यावा: रक्कम, मुदत आणि मेसेज ठरवण्याची पद्धत

शनिवारी सकाळी अकराचं स्मूदनिंग धरलेलं असतं. त्यासाठी दोन जणींना "आज नाही जमणार" म्हणून सांगितलेलं असतं, मदतनीस मुलीला लवकर बोलावलेलं असतं. साडेअकरा होतात, फोन उचलला जात नाही, मेसेजवर दोन निळ्या खुणा येतात आणि उत्तर काही येत नाही. छोटं पार्लर चालवणाऱ्या प्रत्येकीला हे ठाऊक आहे. मग कुणीतरी सुचवतं की आता ॲडव्हान्स घ्यायला लाग. आणि इथेच घाई होते. एक गोल आकडा ठरतो, तो सगळ्यांना सरसकट लागू होतो, जुन्या बायका दुखावतात आणि महिन्याभरात ॲडव्हान्स गुपचूप बंद होतो.

ॲडव्हान्स हे बुडालेलं काम वसूल करण्याचं साधन नाही. गिऱ्हाइकाने न येण्याचं ठरवलं तर ते आपल्याला वेळेत कळावं, एवढंच त्याचं काम आहे. हे एकदा पक्कं धरलं की किती घ्यायचे, कुणाकडून घ्यायचे आणि कधीपर्यंत परत द्यायचे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं आपल्याच वहीतून निघतात. खाली दोन खुर्च्यांच्या एका लेडीज पार्लरचा नमुना हिशोब घेतला आहे. सांगली किंवा नाशिकसारख्या शहरातलं, मालकीणबाई स्वतः काम करणाऱ्या आणि एक मदतनीस मुलगी महिन्याच्या पगारावर, असं ते पार्लर समजा. आकडे नमुन्याचे आहेत, तिथे तुमचे घाला. शेवटी समुपदेशकांसाठी वेगळा भाग आहे, कारण त्यांच्याकडे हीच रीत जशीच्या तशी लावली तर माणसाला दुखापत होऊ शकते.

आधी चार आठवडे नुसती नोंद

पहिले चार आठवडे कुणाकडून एक रुपयाही मागू नका. अपॉइंटमेंटच्या वहीत काही रकाने वाढवा: काम कोणतं, गिऱ्हाईक जुनं की नवं, अपॉइंटमेंट कशी आली (फोन, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, की कुणाच्या ओळखीने), आली की नाही, रद्द केलं असेल तर किती वाजता कळवलं. आणि शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा: ती वेळ पुढे भरली की रिकामी गेली?

याच काळात आठवणीचा मेसेज सुरू करा. आदल्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास एक ओळ: "ताई, उद्या ११ वाजता तुमचं स्मूदनिंग आहे. येताय ना? 'हो' एवढंच कळवा." न येणाऱ्यांमधल्या बऱ्याच जणी नुसत्या विसरलेल्या असतात आणि विसरण्यावर ॲडव्हान्स हा फार महाग इलाज आहे. मेसेज सुरू न करता थेट ॲडव्हान्स लावला, तर फरक कशाने पडला हे पुढे कधीच कळत नाही.

आपल्या नमुन्याच्या पार्लरमध्ये चार आठवड्यांत १६० अपॉइंटमेंट झाल्या आणि २१ जणी आल्या नाहीत. हा आकडा ऐकूनच ॲडव्हान्स लावावासा वाटतो. पण कामानुसार तो फोडला की चित्र बदलतं. थ्रेडिंग-वॅक्सिंगसारख्या छोट्या कामांच्या ७० वेळांपैकी ८ चुकल्या, पण त्या जागी दारात येऊन बसलेल्या कुणीतरी लगेच खुर्चीत बसल्या. हेअरकट, क्लीनअप, फेशियलच्या ६६ पैकी ७ चुकल्या आणि त्यांतल्याही काही भरल्या. उरलेल्या २४ वेळा लांब कामांच्या, म्हणजे स्मूदनिंग, केराटिन, ग्लोबल कलर. त्यांतल्या ६ चुकल्या आणि साडेतीन तासांच्या हिशोबाने खुर्चीचे २१ तास गेले. या २४ पैकी १४ वेळा नव्या गिऱ्हाइकांनी घेतल्या होत्या, आणि न आलेल्या सहांपैकी पाच जणी नव्या होत्या.

म्हणजे दुखणं १६० अपॉइंटमेंटचं नाही. ते नव्या गिऱ्हाइकांच्या १४ लांब अपॉइंटमेंटचं आहे. उरलेल्या १४६ जणींना ॲडव्हान्सबद्दल काही सांगायचीच गरज नाही. तुमच्या वहीत हे गणित वेगळं निघेल. कुणाकडे रविवार सकाळच्या वेळा चुकत असतील, कुणाकडे दिवाळीच्या आदल्या आठवड्यातल्या. पण ते कुठेतरी एकवटलेलं असतं आणि ती जागा सापडेपर्यंत आकड्याकडे वळू नये.

एक चुकलेली वेळ खरी कितीला पडते

बिल ४,००० रुपयांचं होतं म्हणजे नुकसान ४,००० झालं, असं नाही. स्मूदनिंगचं क्रीम, न्यूट्रलायझर, मास्क मिळून समजा १,१०० रुपयांचा माल लागतो. गिऱ्हाईक आलं नाही तर तो डब्यातच राहतो. उरले २,९००. मुलीचा पगार आणि भाडं दोन्ही बाबतीत जाणारच, म्हणून ते यात धरायचं नाही. मुलीला कामागणिक कमिशन देत असाल तर मात्र तेही वजा करा. मग त्या साडेतीन तासांत दारावर आलेल्या कामांतून माल वजा जाता ६०० रुपये मिळाले असतील, तर तेही वजा. खरं नुकसान २,३०० रुपये. पाच नव्या जणींचे मिळून महिन्याला ११,५००.

एखादी आली नाही, पण पुढच्या आठवड्यात बुधवारी दुपारी, म्हणजे खुर्ची एरवीही रिकामी असते तेव्हा येऊन काम करून गेली, तर ते नुकसान धरू नका. ते पैसे उशिरा आले, बुडाले नाहीत. तीच शनिवारी पुन्हा आली आणि दुसऱ्या कुणाची वेळ तिने घेतली, तर मात्र नुकसान धरा.

२,३०० हा आकडा आपली वरची मर्यादा आहे, त्याच्यावर कधीच जायचं नाही. यामागे कायदाही आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करार मोडल्यावर आधी ठरलेली रक्कम कितीही मोठी असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि ठरलेली रक्कम ही तिची कमाल हद्द. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अनुचित कराराची जी व्याख्या आहे, तिच्यात ग्राहकाकडून अवाजवी अनामत मागणं आणि नुकसानाच्या मानाने फार मोठा दंड लावणं, या दोन्ही गोष्टी येतात. ५०० रुपयांसाठी कुणी ग्राहक आयोगाकडे जाईल असं नाही. पण कुणी "हे कुठल्या नियमात बसतं?" असं विचारलं, तर आपल्याकडे नुकसानाचा हिशोब वहीत लिहिलेला असावा.

रक्कम

वरची हद्द मिळाली. खालची हद्द कुठे आहे?

इस्राएलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांमध्ये झालेला एक प्रयोग इथे फार उपयोगी पडतो. अर्थशास्त्रज्ञ उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी यांनी तो २००० साली प्रसिद्ध केला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांनी छोटासा दंड लावला. उशीर कमी व्हायला हवा होता, तो वाढला. दंड काढून टाकल्यावरही तो पूर्वीच्या पातळीवर आला नाही. आधी "बाई आपल्यासाठी थांबल्या आहेत" याची जी लाज वाटायची, तिच्या जागी एक किरकोळ दर आला आणि पालकांनी तो निवांत भरला.

पार्लरला हे तंतोतंत लागू होतं. ८०० रुपयांच्या फेशियलला १०० रुपये ॲडव्हान्स घेतला, तर जिला यायचं नाही ती म्हणते, "जाऊ दे, शंभर रुपये गेले तर गेले." आधी निदान एक चुटपुट होती, आता तीही नाही, कारण तिने पैसे भरले आहेत. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: ज्या कामाला २०० रुपयांपेक्षा कमी ॲडव्हान्स शोभेल, त्याला घेऊच नये. तिथे आठवणीचा मेसेज पुरेसा आहे.

लांब कामांसाठी कसोटी अशी. शुक्रवारी दुपारी तुमच्या गिऱ्हाइकाला लक्षात येतं की उद्या जमणार नाही. हातात फोन आहे. किती रुपये जाणार असतील तर ती आत्ताच्या आत्ता मेसेज टाकेल? ४,००० च्या कामाला २०० रुपये जाणार असतील तर कदाचित टाकणार नाही. ५०० असतील तर टाकेल. आणि १,५०० असतील तरीही टाकेल, पण मुळात तुम्हाला कधी न पाहिलेली बाई १,५०० आधी पाठवायलाच कचरेल. मेसेज टाकायला लावणारी सगळ्यात छोटी रक्कम, ती आपली रक्कम. इथे ती ५०० धरू, म्हणजे बिलाच्या आठव्या हिश्शाइतकी, आणि खऱ्या नुकसानाच्या पावपटीहूनही कमी.

टक्केवारी लावत बसू नका. "साडेबारा टक्के" कुणी लक्षात ठेवत नाही. लांब कामाला ५०० आणि ७,००० च्या वरच्या कामाला १,०००, अशा दोनच पायऱ्या ठेवल्या की फोनवर मुलीलाही सांगता येतं. ब्रायडलचा हिशोब वेगळा. तिथे तारीख अडवली जाते, साड्या-दागिन्यांची आखणी होते, आणि मोठा ॲडव्हान्स देण्याची सवय लोकांना आहे. त्यात हा लेख जात नाही.

मुदत रकमेहून महत्त्वाची

किती घेतले, यापेक्षा कधीपर्यंत परत मिळतात यावर ॲडव्हान्सचा उपयोग जास्त ठरतो. वहीच्या शेवटच्या दोन रकान्यांकडे जा: रद्द केल्याचं कधी कळलं आणि ती वेळ भरली का. आपल्या नमुन्यात आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळलेल्या वेळा बहुतेक भरल्या. संध्याकाळी सातनंतर कळलेल्या क्वचित भरल्या. कारण सरळ आहे. साडेतीन तास काढायचे तर नोकरीवालीला सुट्टी बघावी लागते, घरी मुलांची सोय लावावी लागते, आणि रात्री नऊला "उद्या अकराला येता का?" विचारून ते होत नाही.

म्हणून मुदत अशी: आदल्या दिवशी दुपारी १२ पर्यंत कळवलं तर पूर्ण पैसे परत, कारण न विचारता. "२४ तास आधी" असं लिहू नका. अकराच्या अपॉइंटमेंटचे चोवीस तास आणि चारच्या अपॉइंटमेंटचे चोवीस तास वेगवेगळे येतात, आणि वाद तिथेच होतो. घड्याळातली एक ठरलेली वेळ सगळ्यांना समजते. आठवणीचा मेसेज सकाळी दहाला टाकायचा, कारण तो वाचून ठरवायला दोन तास हातात राहतात. मुदत उलटल्यावर आठवण करून देणं गिऱ्हाइकाला डिवचल्यासारखं होतं.

या मुदतीला अर्थ येतो तो वेटिंगच्या यादीने. "शनिवारी जागा झाली तर सांगा" म्हणणाऱ्या बायकांची नावं वहीच्या मागच्या पानावर हवीत, कामासकट. दुपारी १२ ला एक वेळ सुटली की सव्वाबाराला पहिला फोन जायला हवा. ही यादी नसेल तर वेळेत कळूनही खुर्ची रिकामीच राहते.

मुदत उलटल्यानंतर काय, तेही आधी ठरवा. मी म्हणेन, पहिल्या वेळी तारीख बदलून द्या आणि ॲडव्हान्स पुढे जमा धरा, पण त्यासाठी तिने अपॉइंटमेंटच्या वेळेआधी कळवलेलं असलं पाहिजे. काहीच न कळवता आली नाही, किंवा दुसऱ्यांदा तेच झालं, तर पैसे परत नाहीत. घरात मृत्यू, दवाखाना, मुलाचा अपघात यासाठी वेगळा नियम लिहायचा नाही. तसं काही कळलं तर पैसे परत द्यायचे आणि पुरावा मागायचा नाही.

आणि आपल्याकडून रद्द झालं, दिवसभर लाईट गेली किंवा मालकीणबाई आजारी पडल्या, तर त्याच दिवशी पूर्ण रक्कम परत. ही ओळ नियमात नसेल तर सगळा नियम एकतर्फी होतो.

पैसे घेण्याआधी केसांचा फोटो

ही पायरी बऱ्याच ठिकाणी गाळली जाते आणि मग भांडण होतं. नवी बाई ५०० रुपये पाठवते, शनिवारी येते, आणि केस हातात घेतल्यावर कळतं की सहा महिने काळी मेंदी लावलेली आहे, किंवा टोकं आधीच ब्लीच होऊन जळली आहेत. काही काळ्या मेंदींमध्ये धातूचे क्षार असतात. त्यावर कलर-ब्लीच केलं की केस तापू शकतात, तुटू शकतात. प्रामाणिक पार्लर अशा वेळी काम नाकारतं. मग ॲडव्हान्सचं काय? अर्थात परत, कारण नकार आपला आहे. पण वेळ तर गेलीच.

म्हणून आधी व्हॉट्सॲपवर उजेडात काढलेला केसांचा फोटो मागवा आणि तीन गोष्टी विचारा: गेल्या वर्षभरात केसांवर काय काय केलं, मेंदी कोणती लावता, आणि गरोदर आहात किंवा बाळ अंगावर पितं का. स्मूदनिंग-केराटिनच्या काही उत्पादनांतून फॉर्माल्डिहाइडची वाफ येते, त्यामुळे अशा वेळी ते काम पुढे ढकललेलं बरं. या उत्तरांनंतरच रक्कम सांगा. याचा एक बाजूचा फायदाही आहे. जिला खरंच यायचं आहे ती फोटो पाठवते. जी सहज चार पार्लरना "रेट काय?" विचारत फिरते आहे, ती इथेच थांबते आणि ॲडव्हान्सचा विषयसुद्धा निघत नाही.

मेसेज

सगळ्या अटी एकाच मेसेजमध्ये, पैसे घेण्याआधी गेल्या पाहिजेत. फोनवर सांगितलेलं दोन्हीकडून वेगळं आठवतं. हा मेसेज बोलीतच असावा:

"नमस्कार ताई. शनिवारी १४ तारखेला सकाळी ११ वाजता तुमचं स्मूदनिंग धरलं आहे, साधारण साडेतीन तास लागतील. वेळ पक्की करायला ५०० रुपये ॲडव्हान्स पाठवा, ते बिलातून वजा होतील. काही बदल असेल तर शुक्रवारी दुपारी १२ पर्यंत कळवा. पैसे परत हवेत की पुढच्या तारखेला जमा, तुम्ही सांगाल तसं. त्यानंतर पण अपॉइंटमेंटच्या आधी कळवलंत, तर एकदा तारीख बदलून देऊ. न कळवता आला नाहीत तर ५०० परत होणार नाहीत. आमच्याकडून रद्द झालं तर त्याच दिवशी पूर्ण परत. तुमच्यासाठी ही वेळ आज रात्री ९ पर्यंत राखून ठेवते."

शेवटची ओळ विसरू नका. ती नसेल तर "पाठवते हं" म्हणून दोन दिवस जातात आणि वेळ धरली आहे की नाही हे दोघींनाही कळत नाही.

ॲडव्हान्स कुणाला लागू नाही हेही ठरलेलं हवं. तीनदा येऊन गेलेल्यांना नाही, हा साधा नियम पुरतो. एखादी जुनी काकू कुठून तरी ऐकून विचारेल, "अगं, आता आमच्याकडूनही आधी पैसे घेणार का?" तेव्हा म्हणता आलं पाहिजे, "नाही हो काकू, तुम्ही इतकी वर्षं येताय. हे पहिल्यांदा लांब काम करायला येणाऱ्यांसाठी आहे." पण जुन्यांपैकी कुणी न कळवता आली नाही, तर पुढच्या लांब कामाला तिच्याकडूनही घ्यायचा. शेजारीण, नणंदेची मैत्रीण, सोसायटीच्या अध्यक्षांची सून यांनाही हाच नियम. सवलत द्यायचीच असेल तर बिलात द्या. इथे दिली तर आठवड्यात सगळ्या गल्लीला कळतं.

नवी कुणी "आम्ही काय पळून जाणार आहोत का?" म्हणाली, तर वाद घालू नका. "नाही ताई, साडेतीन तास दुसऱ्या कुणाला देत नाही म्हणून. हे तुमच्या बिलातलेच आहेत." एवढं पुरे. तरी नको म्हणाली तर तिला आठवड्यातल्या मंद दिवसाची वेळ ॲडव्हान्सशिवाय द्या. मंगळवारी दुपारी ती आली नाही तरी फारसं काही बुडत नाही.

पैसे आले, कुठे लिहायचे

क्यूआर कोडचा फोटो पाठवा आणि पैसे आले का ते स्वतःच्या खात्यात बघा. स्क्रीनशॉटवर विसंबू नका, खोटे स्क्रीनशॉट सहज बनतात. वहीत त्या अपॉइंटमेंटसमोर रक्कम, तारीख आणि व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे लिहा.

परत करताना ज्या खात्यातून आले त्याच खात्यात पाठवा. "चुकून ५,००० गेले, ४,५०० या दुसऱ्या नंबरवर परत करा" असा मेसेज आला, तर आधी बँकेच्या ॲपमध्ये रक्कम बघा. ही फसवणुकीची नेहमीची रीत आहे. आणि पैसे येण्यासाठी कधीही यूपीआय पिन टाकावा लागत नाही, हे मुलीलाही सांगून ठेवा.

काम होईपर्यंत ॲडव्हान्स ही गिऱ्हाइकाची ठेव आहे. तो दिवसाच्या गल्ल्यात मिसळला की महिन्याच्या शेवटी परत द्यायला हात आखडतो. वेगळा रकाना ठेवा. जीएसटी नोंदणी असेल तर सेवेच्या ॲडव्हान्सवर कर तो मिळाल्याच्या वेळीच लागू होतो, त्याची पावती करावी लागते, आणि न परतवलेल्या रकमेचंही काय करायचं ते सीएंना विचारून ठेवावं. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या आणि नोंदणी नसलेल्या छोट्या पार्लरला यात शिरायचं कारण नाही.

समुपदेशक असाल तर

इथे माल लागत नाही, म्हणून पन्नास मिनिटांचं एक सेशन चुकलं की जवळजवळ सगळी फी बुडते. हिशोब पाहिला तर ॲडव्हान्स पार्लरपेक्षा मोठा हवा. पण न येण्याचं कारण इथे वेगळं असतं. पहिल्या सेशनला न आलेला माणूस दारापर्यंत येऊन परत गेलेला असू शकतो. महिनाभर धीर गोळा करून त्याने फोन केलेला असतो, आणि त्याला पहिलं वाक्य "आधी पैसे पाठवा" असं ऐकू आलं, तर तो पुन्हा कुणालाच फोन करणार नाही.

म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी दहा मिनिटांचं विनाशुल्क फोनवरचं बोलणं. तुम्ही काय काम करता, फी किती, त्याला काय हवं आहे, आणि तुम्ही त्यासाठी योग्य आहात का. हे झाल्यावर, फी १,२०० असेल तर पहिल्या सेशनसाठी ३०० पुरेत. कमी फीवर येणाऱ्यांकडून काहीच घेऊ नये, कारण त्यांना बसभाड्याचाही विचार करावा लागत असतो. दुसऱ्या सेशनपासून ॲडव्हान्सपेक्षा लेखी ठरवणं बरं पडतं. पहिल्याच भेटीत संमतीपत्र वाचताना सांगायचं की ठरलेल्या वेळेनंतर रद्द केलं तर फी लागेल, आणि पहिल्या वेळी ती माफ असेल. हे तोंडाने, समोर बसून सांगायचं.

कुणी न कळवता आलं नाही, तर पैशाचा उल्लेख नसलेला पहिला मेसेज जातो: "आज भेट झाली नाही. तुम्ही ठीक आहात ना?" गेल्या सेशनमध्ये त्या व्यक्तीने जिवाला धोका होईल असं काही बोलून दाखवलं असेल, तर मेसेजवर थांबायचं नाही, फोन करायचा, आणि संमतीपत्रात दिलेल्या तातडीच्या संपर्कापर्यंत जायचं. फीचं बोलणं पुढच्या भेटीत. नेहमी येणारी व्यक्ती सलग दोनदा चुकली, तर तो बहुतेक वेळा सेशनमध्ये बोलायचा विषय असतो.

आणि गुप्तता. मानसिक आरोग्य काळजी कायदा, २०१७ च्या कलम २३ मध्ये उपचार घेणाऱ्याच्या गुप्ततेचा हक्क स्पष्ट सांगितला आहे. पण यूपीआयने पैसे गेले की समोरच्याच्या बँकेच्या पासबुकात घेणाऱ्याचं नाव उमटतं. तिथे "अमुक मानसोपचार व समुपदेशन केंद्र" असं आलं आणि खातं नवऱ्याबरोबर सामायिक असलं किंवा पासबुक सासरे बघत असले, तर तिने कुणालाही न सांगितलेली गोष्ट घरभर होते. खात्याचं दिसणारं नाव तटस्थ ठेवा, स्वतःचं नाव चांगलं. शेऱ्याच्या जागी काही लिहू नका असं सांगा. रोख द्यायची मुभा ठेवा. आठवणीच्या मेसेजमध्येही "उद्या ५ ची भेट" एवढंच.

तीन महिन्यांनी काय बघायचं

न येणाऱ्यांचा आकडा खाली येईलच, तो बघून खूश होऊ नका. पैसे भरलेले लोक येतातच. प्रश्न आहे की प्रत्यक्षात झालेली कामं वाढली का. आपल्या पार्लरमध्ये आधी महिन्याला १४ नव्या जणी लांब कामासाठी वेळ घ्यायच्या आणि ९ यायच्या. आता १४ जणींना मेसेज गेला, समजा तिघींनी पैसे पाठवलेच नाहीत, एकीने मुदतीत रद्द केलं, एक न कळवता आली नाही आणि ९ आल्या. कामं तेवढीच दिसतात, पण चार वेळा आधीच मोकळ्या झाल्या. वेटिंगमधून त्यांतल्या दोन भरल्या तरी दर वेळेमागे २,३०० प्रमाणे ४,६०० रुपये जास्त आले, शिवाय एक ५००.

उलट, १४ पैकी आठ जणी मेसेज वाचून गप्प झाल्या आणि सहाच आल्या, तर तीन खरी गिऱ्हाइकं गेली. निदान तीन मोकळ्या वेळा वेटिंगमधून भरल्या नसतील, तर ॲडव्हान्स तोट्यात आहे. तुलना सारख्या दिवसांशी करा. पितृपक्षातला महिना लग्नसराईशी ताडून पाहिला तर काहीच कळणार नाही.

तोटा दिसला तर लगेच ५०० चे २०० करू नका, २०० ने पुन्हा हैफातल्या पाळणाघरासारखं होईल. आधी व्हॉट्सॲपवर मागे जाऊन बघा की त्या जणी कुठे थांबल्या. रक्कम ऐकून थांबल्या असतील तर आठवड्यातल्या दिवसांचा ॲडव्हान्स काढून फक्त शनिवार-रविवारी ठेवा. सगळा मेसेज वाचून थांबल्या असतील तर बहुधा "परत होणार नाहीत" हे फार वर, आणि "पूर्ण परत" हे फार खाली पडलेलं असतं. ती दोन वाक्यं अदलाबदल करून आणखी एक महिना पाहा. तरीही नव्या जणींची झालेली कामं आणि वेटिंगमधून भरलेल्या वेळा मिळून आकडा ९ च्या खालीच राहिला, तर ॲडव्हान्स बंद करा आणि आठवणीचा मेसेज व वेटिंगची यादी तेवढी चालू ठेवा.